बेळगावात खोली घेताय? आधी गीझरचं अर्थिंग बघा

टिळकवाडी, अनगोळ, शहापूर, कुठंही खोली बघायला गेलात की घरमालक सांगतो, "गीझर आहे हं." इथला पाऊस आणि त्यामागची थंडी ऐकून असणारी आपली मंडळी तेवढ्यावर खूश होतात आणि ॲडव्हान्स देऊन मोकळी होतात. कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्यांत ही घाई जास्त. पाणी कधी येतं, गाडी कुठं लावायची, शेजारी मराठी आहेत का, सगळं विचारतात. अर्थिंगचं कुणी विचारत नाही. जुन्या घरात सॉकेट तीन पिनांचा असतो, पण त्याच्या मोठ्या भोकामागं अर्थिंगची हिरवी वायर असेलच असं नाही.

मग एक दिवस नळाला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं. जुने भाडेकरू म्हणतात, "ओल्या हातानं लावलास, तसं होतंच." होत नसतं. गीझरमधली कॉइल एका धातूच्या नळीत, पांढऱ्या पावडरीत बसवलेली असते. बोअरच्या जड पाण्यानं नळीवर क्षार बसतात, नळी फुटते, पावडरीला ओल लागते आणि करंट टाकीच्या पाण्यात उतरतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर टाकीवर आणि नळावर तुमच्या हाताची वाट बघत बसतो. पूर्वी लोखंडी पाइपच थोडंफार अर्थिंगचं काम करायचे. आता सगळीकडं प्लास्टिकचे पाइप, पण आतलं पाणी करंट वाहून नेतंच.

मुंग्या आल्या तर बटण बंद करून परत हात लावून बघू नका. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असले तर बटण न्यूट्रल तोडतं आणि कॉइलवर फेज तसाच राहतो. बटण बंद करा, कोरड्या हातानं प्लग बाहेर काढा, मग वायरमनला टेस्टर नळावर लावायला सांगा. प्लग काढल्यावर टेस्टर पेटला नाही तर दोष तुमच्या गीझरचा किंवा त्याच्या सॉकेटच्या वायरिंगचा. तरीही पेटत असेल आणि इमारतीत लोखंडी पाइप असतील, तर वरच्या किंवा खालच्या घरातला गीझर तपासायला लागेल.

आता मुख्य गोष्ट. काही वायरमन अर्थिंगचा खड्डा करण्याची कटकट टाळायला सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका छोट्या वायरनं जोडून देतात. मुंग्या थांबतात आणि सगळे खूश. गडहिंग्लजकडच्या एका पोराच्या खोलीत असंच केलं होतं. एका वादळी रात्री खांबावरून येणारी न्यूट्रल वायर सुटली. घरातले दिवे विझले, त्याला वाटलं लाईट गेली. टाकीत गरम पाणी होतंच, म्हणून तो आंघोळीला गेला. पण फेज चालूच होता. तो घरातल्या दुसऱ्या उपकरणांतून न्यूट्रलवर आला आणि त्या छोट्या वायरीनं गीझरच्या टाकीवर पोचला. नळाला हात लागताच पोरगं भिंतीवर आदळलं. मनगटाला प्लास्टर पडलं, एवढ्यावर निभावलं. मल्टिमीटरला ही लबाडी कळत नाही, फेज आणि अर्थमध्ये 230 व्होल्ट छान दिसतात. म्हणून सॉकेट उघडायला लावा आणि हिरवी वायर खरोखर बोर्डापर्यंत आणि तिथून खड्ड्यापर्यंत जाते का, ते डोळ्यांनी बघा. मालक कुरकुर करेल, करू दे.

एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. 2 किलोवॅटचा गीझर साधारण 9 अँपिअर घेतो, 16 अँपिअरचा एमसीबी त्यापेक्षा बराच जास्त करंट गेल्यावरच पडतो. माणूस मरायला एका अँपिअरचा छोटा अंश पुरतो. त्यासाठी करंट गळताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, आणि त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून तो पडतो ना, बघायचं. तो सारखा पडतो म्हणून काढून टाकणारे वायरमन इथं भेटतील. तो सारखा पडणं म्हणजे कुठंतरी गळती आहे किंवा तीच न्यूट्रल-अर्थची जोडणी आहे.

राहिला गार पाण्याच्या तोंडाशी असलेला सेफ्टी वॉल्व्ह. पाणी तापताना त्यातून थेंब गळणं बरोबर आहे, कारण तापलेलं पाणी फुगतं. गीझर थंड असतानाही सतत गळत असेल तर वॉल्व्हच्या आतल्या सीटवर क्षार बसलेत किंवा पंपाचा दाब जास्त आहे. बाथरूम ओलं होतं म्हणून त्याच्या तोंडावर एमसील लावणारे मी पाहिलेत. पाणी तापल्यावर वीज तोडणारा थर्मोस्टॅट चिकटला आणि जास्तच तापल्यावर वीज तोडणाऱ्या कटआउटनंही दगा दिला तर वाफेला बाहेर पडायला तेवढीच वाट असते. त्याच्या तोंडाला नळी लावून ती मोरीत सोडा, नळीचं टोक उघडं ठेवा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी गीझर थंड असताना त्याची लिव्हर उचलून पाणी येतं का पाहा. आलं नाही तर वॉल्व्ह क्षारानं अडकलाय, तो बदलूनच घ्या.