पैसे कमी का आले, हे ईमेलमध्ये कसं सांगावं

मालवणच्या एका रिसॉर्ट कंपनीचं हिशेबाचं काम मी बघते. मे महिन्यात माहितीपत्रक डिझाइन करणाऱ्या मुलीला मी कळवलं होतं: “लागू तरतुदींनुसार वैधानिक वजावट करून रक्कम अदा केली आहे.” तासाभरात तिचा फोन आला, “ताई, सहा हजार कुठे गेले?” चूक माझीच होती. आकडा सांगितलाच नव्हता. मग ईमेल असा बदलला:

“तुमचं बिल ६०,००० रुपयांचं होतं. त्यातून १० टक्के टीडीएस कापला.

६०,००० − ६,००० = ५४,०००

५४,००० तुमच्या खात्यात आले. ६,००० आम्ही तुमच्या पॅनवर ७ जूनपर्यंत सरकारकडे भरू. आमचं तिमाही विवरण ३१ जुलैपर्यंत जाईल, त्यानंतर ही रक्कम आयकर पोर्टलवर तुमच्या नावे दिसेल. प्रमाणपत्र १५ ऑगस्टपर्यंत पाठवते. रिटर्न भरताना ही रक्कम तुमच्या करातून वळती होईल. कर कमी बसला तर जादा पैसे परत मिळतील.”

शेवटचं वाक्य गाळू नका. पैसे बुडाले नाहीत, हे त्यातूनच कळतं.

पाठवण्याआधी बिलात जीएसटी वेगळा दाखवलाय का, तेवढं पाहा. ६०,००० वर १०,८०० जीएसटी असेल तर टीडीएस ६०,००० वरच कापायचा आणि ६४,८०० द्यायचे. ७,०८० कापले गेले असतील, तर टक्केवारी चुकून ७०,८०० वर लावली गेली. मग स्पष्टीकरण नको, उरलेले १,०८० पाठवा.