काना आला की काना लागतो, पण नेहमी नाही

अरबीच्या पहिल्या वर्षात माझे सगळ्यात जास्त मार्क कुठे गेले असतील तर ते काना, म्हणजे अरबीतलं 'होता' हे क्रियापद, आणि तिच्या बहिणींमध्ये. अरबी व्याकरणात याला 'काना व अख़वातुहा' म्हणतात, म्हणजे शब्दशः काना आणि तिच्या बहिणी, आणि नेहमीची यादी १३ क्रियापदांची असते. नवीन लोक ती यादी पाठ करायला बसतात, मीही बसले होते. पण माझ्या चुका यादीत नव्हत्याच, चुका होत होत्या ख़बर ओळखण्यात. म्हणून सगळं तेवढ्याबद्दलच लिहितेय.

आधी साधं वाक्य बघा. अरबीत वर्तमानकाळात 'आहे' लागत नाही. अल्-बैतु कबीरुन्, म्हणजे घर मोठं (आहे). बैतु हा मुब्तदा, ज्याच्याबद्दल बोलतोय तो, आणि कबीरुन् ही ख़बर, त्याच्याबद्दल जे सांगतोय ते. दोघेही मर्फूअ, म्हणजे शेवटी उ-कार. आता 'घर मोठं होतं' म्हणायचं तर पुढे काना येते आणि वाक्य होतं, काना ल्-बैतु कबीरन्. बैतु आहे तसाच राहिला, आता त्याला कानाचा इस्म म्हणायचं. कबीरुन् चं कबीरन् झालं, शेवटी अ-कार आला, म्हणजे ख़बर मन्सूब झाली. नियम एवढाच.

मग अडतं कुठे? माझं अडलं शाळेतल्या संस्कृतमुळे. दहावीला १०० मार्कांचं संस्कृत होतं, त्यामुळे डोक्यात पक्कं बसलेलं की 'रामः राजा आसीत्' मध्ये राम पण प्रथमा आणि राजा पण प्रथमा, दोघं एकच माणूस तर विभक्ती वेगळी कशाला. मराठीतही 'तो डॉक्टर होता' म्हणताना डॉक्टरला आपण काहीच लावत नाही. अरबी मात्र इथे राजाला जवळपास द्वितीयेत टाकते! मी सरांना विचारलं की असं का, तर ते म्हणाले की बसऱ्याचे जुने व्याकरणकार म्हणायचे, काना शेवटी क्रियापदच आहे ना, मग क्रियापद जसं कर्त्याला उ-कार आणि कर्माला अ-कार देतं तसंच ही पण देते, ख़बर खरं तर कर्म नाहीये पण वागवली जाते कर्मासारखी. कूफ्याचे लोक म्हणायचे की नाही, हा अ-कार 'हाल'चा आहे, म्हणजे 'ज़ैद बसून आला' मधल्या 'बसून'सारखा, कर्त्याची अवस्था सांगणारा. मला बसऱ्यावाल्यांचं लवकर पटलं. परीक्षेत दोन्हीकडून उत्तर एकच येतं.

आता टायटलबद्दल. कबीरन् अरबीत लिहिताना शेवटी एक अलिफ लागतो, सरळ उभी रेघ, आणि ती हुबेहूब आपल्या काना-मात्रातल्या कान्यासारखी दिसते. त्यामुळे आमच्या बॅचमध्ये कोणीतरी म्हणालं की काना आला की काना लागतो, आणि ते सगळ्यांच्या डोक्यात असं बसलं की पुढचे दोन महिने आम्ही दिसेल त्या शब्दाला काना लावत सुटलो. मुअल्लिमतुन् (शिक्षिका) चं मुअल्लिमतन् होतं पण शेवटी ता मर्बूता हे स्त्रीलिंगी शब्दांचं अक्षर असल्यामुळे अलिफ लागत नाही, तिथे लावला की लाल पेन. मुहन्दिसून (इंजिनिअर, अनेकवचन) चं मुहन्दिसीन होतं, तिथे अलिफचा संबंधच नाही, ऊ चा ई होतो. दोघं असतील तर मुहन्दिसानि चं मुहन्दिसैनि. आणि मुअल्लिमातुन् (अनेक शिक्षिका) चं होतं मुअल्लिमातिन्, म्हणजे मन्सूब असूनही इ-कार! हा प्रकार पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं छपाईची चूक आहे. चूक नाही, त्या प्रकारच्या अनेकवचनाला अ-कार लागतच नाही, त्याच्या जागी इ-कार घेतात.

हे सगळं एका दिवसात पाठ करायची गरज नाही, पण एक लक्षात घ्या, पेपरात किंवा ऑफिसच्या कागदात उ-कार अ-कार छापलेलेच नसतात. त्यामुळे कानाचा परिणाम डोळ्याला फक्त काही ठिकाणी दिसतो, शेवटचा अलिफ, ऊन चं ईन, दोघांसाठीच्या आनि चं ऐनि, आणि अबू चं अबा होणारे थोडे शब्द. तुमची चूक वाचणाऱ्याला दिसते तीही इथेच. बाकी ठिकाणी मनातल्या मनात चुकलात तरी कागदावर कळत नाही (हे सरांना सांगू नका).

आता एक वाक्य नीट सोडवून दाखवते, टेस्टमध्ये मी चुकवलेलंच. 'नवीन इंजिनिअर उशिरा आले होते' अशा अर्थाचं, मुतअख़्ख़िर म्हणजे उशीर झालेला. मी लिहिलं, काना ल्-मुहन्दिसीन ल्-जुदुद मुतअख़्ख़िरून. कानाच्या लगेच पुढे जे आलं त्याला मी ईन लावून मोकळी झाले आणि खऱ्या ख़बरीला तसंच सोडलं. सरांनी वाक्यातल्या काना या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, आता वाच. काना झाकल्यावर उरतं अल्-मुहन्दिसून अल्-जुदुद मुतअख़्ख़िरून. कोणाबद्दल बोलतोय? नवीन इंजिनिअर. 'जुदुद'ला अल् लागलाय, म्हणजे ते इंजिनिअरचं विशेषण, त्याच्याच गाठोड्यातलं. काय सांगतोय? उशीर झालाय, मुतअख़्ख़िरून, याला अल् नाही. म्हणजे ख़बर हीच. आता बोट काढा आणि फक्त हिलाच बदला, काना ल्-मुहन्दिसून ल्-जुदुद मुतअख़्ख़िरीन. झालं. मी अजूनही असंच बोट ठेवते, चाळिशीकडे आले तरी.

त्यातच अजून एक, काना एकवचनी का राहिली, कानू का नाही? कारण क्रियापद कर्त्याच्या आधी आलं की अरबीत ते एकवचनीच राहतं. इंजिनिअर आधी आणि क्रियापद नंतर आलं की मग कानू.

बोट ठेवायची युक्ती जिथे गंडते ती जागा म्हणजे 'माझ्याकडे पुस्तक होतं' टाइपची वाक्यं. काना इन्दी किताबुन्. इथे जवळजवळ प्रत्येक नवीन माणूस किताबन् लिहितो, मीही लिहिलं, आणि काना लावायच्या नादात अलिफ पण ठोकून दिला. कारण आपण मनातल्या मनात इंग्रजीतून जातो, इंग्रजीत पुस्तक हे कर्म होतं. मराठीतून गेलात तर चुकणारच नाही. माझ्याकडे पुस्तक होतं, माझ्याकडे गाडी होती. 'होतं' आणि 'होती' कोणाप्रमाणे बदललं? पुस्तकाप्रमाणे, गाडीप्रमाणे. म्हणजे कर्ता तोच, इस्म तोच, तो मर्फूअ. अरबीतही बघा, कानत इन्दी सय्यारतुन्, गाडी स्त्रीलिंगी म्हणून काना ची कानत झाली. ख़बर इथे 'इन्दी' (माझ्याकडे) ही आहे, ती पुढे येऊन बसलीये आणि तिच्यावर अ-कार दिसायला जागाच नाही. तसंच काना फ़ि ल्-मक्तबि मुहन्दिसुन्, ऑफिसात एक इंजिनिअर होता. इतकी वर्षं व्याकरणात इंग्रजी आपल्याला मदत करते असं वाटायचं, इथे चक्क मराठीने वाचवलं.

उलटा सापळा पण आहे. कुन्तु मरीदन्, मी आजारी होतो. इथे कानाच्या पुढे एकच नाम दिसतं आणि वाटतं की हाच इस्म असणार. पण इस्म कुन्तु च्या शेवटच्या 'तु' मध्ये बसलाय, तो म्हणजे 'मी'. म्हणून मरीदन्. आणि ख़बर जर क्रियापदच असेल, काना ल्-वलदु यल्अबु (मुलगा खेळत होता), तर यल्अबु ला हात लावायचा नाही, व्याकरणात ती मन्सूबच्या जागेवर आहे असं म्हणतात, पण दिसायला तशीच.

बहिणींबद्दल माझं मत असं की १३ च्या १३ वर सारखा वेळ घालवू नका. आजच्या गद्यात काना, लैसा (नाही), अस्बहा आणि सारा (झाला), ज़ल्ला (राहिला), मा ज़ाला (अजूनही आहे), मा दामा (जोपर्यंत आहे) एवढ्यांवर बरंच भागतं. त्यातली लैसा थोडी वेगळी, रूपं भूतकाळाची आणि अर्थ वर्तमानाचा. लस्तु मरीदन्, मी आजारी नाही. तिच्या ख़बरीपुढे कधी 'बि' लावतात, लैसा ल्-बैतु बि-कबीरिन्, मग ऐकू येतो तो इ-कार. घाबरू नका, तो 'बि'मुळे आहे, जागा अजून मन्सूबचीच.

आमच्या बॅचमध्ये एक मुलगी होती, लहानपणापासून कुराण पठण केलेली, तिचं इथे कधीच चुकलं नाही. तिच्या कानात 'व काना ल्लाहु ग़फ़ूरन् रहीमन्' आणि 'इन्ना ल्लाहा ग़फ़ूरुन् रहीमुन्' दोन्ही बसलेले होते. ही जोडी इतकी चांगली आहे की मी आता नवीन लोकांना हीच देते. काना ख़बरीला अ-कार देते आणि इस्मला तसंच ठेवते, इन्ना बरोब्बर उलटं, इस्मला अ-कार आणि ख़बर तशीच. फक्त म्हणताना आयतीच्या शेवटी थांबल्यावर रहीमन् चं 'रहीमा' ऐकू येतं, न् जातो आणि आ राहतो, तेव्हा ऐकून लिहिणाऱ्यांनी गोंधळू नका.

आणि हो, बोलायची अरबी शिकायला आला असाल तर हे सगळं ऐकूच येणार नाही. माझा आतेभाऊ मस्कतला बरीच वर्षं साइटवर आहे, फाडफाड अरबी बोलतो. मी त्याला वरचं वाक्य वाचून दाखवलं तर म्हणाला, ताई, मुहन्दिसून काय, मुहन्दिसीन म्हण. बोलीभाषांमध्ये 'ऊन' गेलाच आहे, सगळीकडे 'ईन'. त्याचं बरोबर आहे, फक्त तो परीक्षेला बसला असता तर माझ्यासारखाच पहिल्या शब्दावर ईन लावून बसला असता, आणि मजा म्हणजे शेवटच्या शब्दावरही ईन लावला असता, आणि तो मात्र बरोबर आला असता.