उशिरा आलेला आडवा व्हिडिओ: एडिटरला तक्रारीचा मेल कसा लिहावा

व्हिडिओ एडिटरने दोन चुका एकदम केल्या, म्हणजे तारीखही चुकवली आणि उभा मागितलेला व्हिडिओ आडवा पाठवला, तर बहुतेक जण रागाच्या भरात दोन्ही चुका एकाच वाक्यात कोंबतात. ‘एक तर उशीर, त्यात हे असलं काम.’ राग रास्त असतो, पण अशा मेलने योग्य फाइल लवकर हातात येत नाही. या दोन चुकांवरचे उपाय वेगळे आहेत. गेलेले दिवस परत मिळत नाहीत, त्यांच्याबद्दल फक्त नवी तारीख किंवा पैशांत सूट मागता येते. आस्पेक्ट रेशो, म्हणजे चित्राच्या रुंदी-उंचीचे प्रमाण, मात्र पूर्ण दुरुस्त होऊ शकतो, फक्त तो कसा दुरुस्त करायचा हे मेलमध्ये नेमके सांगावे लागते. ते सांगितले नाही, तर पुन्हा चुकीचीच फाइल येण्याची शक्यता मोठी.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. घरगुती दिवाळी फराळ विकणाऱ्या एका बाईंना इन्स्टाग्राम रीलसाठी ४५ सेकंदांचा व्हिडिओ हवा आहे. ठरले असे: उभा, ९:१६, म्हणजे १०८० × १९२० पिक्सेल. २८ सप्टेंबरला संध्याकाळी ६ पर्यंत फाइल मिळणार. मानधन १२,००० रुपये, त्यातले ६,००० आगाऊ दिले. फराळाची नोंदणी ५ ऑक्टोबरला सुरू होते. फाइल आली १ ऑक्टोबरला रात्री, आणि ती आडवी, १६:९.

आधी फाइल तपासा

लिहायला बसण्याआधी फाइलचे आकडे स्वतः बघा. विंडोजवर फाइलवर राइट-क्लिक करून Properties, मग Details; तिथे Frame width आणि Frame height दिसतात. मॅकवर फाइल निवडून Cmd + I दाबले की Dimensions दिसते. व्हीएलसी प्लेयर असेल तर Tools मधले Codec Information उघडा. आपल्या उदाहरणात रुंदी १९२० आणि उंची १०८० दिसली. हे आकडे मेलमध्ये जसेच्या तसे जायला हवेत. ‘व्हिडिओ नीट बसत नाही’ या वाक्यावर ‘तुमच्या फोनचं सेटिंग बघा’ असे उत्तर येऊ शकते. ‘फाइल १९२० × १०८० आहे’ यावर येऊ शकत नाही.

व्हॉट्सॲपवर साध्या व्हिडिओ म्हणून आलेली फाइल दाबली जाते आणि चित्र धूसर होते. तिच्यावरून आडवा-उभा ठरवता येईल, पण स्पष्टतेची तक्रार करायची तर आधी ड्राइव्हच्या लिंकवर किंवा डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल मागवा. नाहीतर दोष व्हॉट्सॲपचा असेल आणि बोल एडिटरला लागेल.

मग काय ठरले होते ते शोधा

जुना मेल किंवा चॅट उघडा आणि दोन गोष्टी शब्दशः शोधा, तारीख आणि माप. तुम्ही ‘९:१६’ किंवा ‘उभा’ असे लिहिले होते का? नुसते ‘इन्स्टासाठी व्हिडिओ’ लिहिले असेल, तर तुमची बाजू लंगडी आहे, कारण इन्स्टाग्रामवर चौकोनी आणि ४:५ मापाचे व्हिडिओही चालतात. अशा वेळी चूक कोणाची यावर वाद न घालता ‘रीलसाठी उभा लागेल, हे माप घ्या’ एवढेच म्हणणे शहाणपणाचे.

तारखेबाबतही तुमच्याकडून काय कधी गेले ते पाहा. फुटेज, लोगो, दरपत्रक यातले काही उशिरा गेले असेल तर मेलमध्ये ते तुम्हीच सांगा. आपल्या बाईंनी २४ सप्टेंबरला चकलीचा दर बदलून पाठवला होता, पण एडिटरने तेव्हा ‘२८ पर्यंत होईल’ असे उत्तर दिले होते. हे एक वाक्य मेलमध्ये आले की ‘तुमच्या बदलामुळे उशीर झाला’ हा मुद्दा तिथेच निकाली निघतो.

काय मागायचे ते ठरवा

इथे थोडे तांत्रिक कळले पाहिजे, कारण आडव्याचा उभा करायचे सोपे मार्ग तीन आहेत आणि तिन्ही वाईट.

पहिला, आडवे चित्र तसेच उभ्या चौकटीत बसवणे. रुंदी १०८० ठेवली तर चित्राची उंची उरते फक्त ६०८ पिक्सेल. म्हणजे पडद्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी जागेत व्हिडिओ, आणि वर-खाली काळे किंवा धूसर पट्टे. दुसरा, चित्र ताणणे. यात माणसे काडीसारखी लांब होतात. तिसरा, तयार फाइलचा मधला भाग कापणे. हा सर्वात फसवा, कारण पहिल्या नजरेला चालून जातो. पण १९२० पैकी जेमतेम ६०८ पिक्सेल रुंदी उरते, म्हणजे दोन तृतीयांश चित्र गेले. ते भरून काढायला उरलेला भाग पावणेदोन पटींहून जास्त मोठा करावा लागतो, म्हणून तो मऊ, पुसट दिसतो. कडेला असलेली अक्षरेही तुटतात.

योग्य मार्ग म्हणजे एडिटरने मूळ प्रोजेक्ट उघडून टाइमलाइन १०८० × १९२० करणे आणि प्रत्येक शॉट नव्याने बसवणे. कढईच्या शॉटमध्ये कढई मध्ये आली पाहिजे, बोलणारी व्यक्ती उजवीकडे असेल तर चौकट तिच्याकडे सरकवली पाहिजे. दर आणि फोन नंबरची अक्षरे उभ्या मापात पुन्हा मांडली पाहिजेत, आणि अगदी तळाशी नकोत, कारण रीलमध्ये तिथे खात्याचे नाव आणि मजकूर येतो. शूटिंग फोर-के म्हणजे ३८४० × २१६० मध्ये झाले असेल तर उभा भाग कापूनही १२१५ पिक्सेल रुंदी मिळते, आपल्याला लागते १०८०. त्यामुळे स्पष्टता जात नाही. मूळ फुटेजच १९२० × १०८० असेल तर मात्र थोडा मऊपणा राहणारच, आणि त्याबद्दल एडिटरला धारेवर धरणे अन्यायाचे आहे.

हे काम तयार फाइल कापण्याहून बरेच जास्त वेळ घेते. म्हणून ‘तासाभरात पाठवा’ अशी मागणी करू नका, त्या घाईत मधला भाग कापलेली फाइल येईल. आमच्या उदाहरणात ५ तारखेला नोंदणी सुरू होते, तेव्हा ३ ऑक्टोबर संध्याकाळची मुदत योग्य. एक दिवस तपासणीला हाताशी राहतो.

मेल लिहिणे

विषयाच्या ओळीत काम, दोष आणि नवी तारीख तिन्ही आली पाहिजेत. एडिटर एका वेळी पाच-सहा ग्राहकांचे काम करत असतो. ‘तक्रार’ एवढ्याच विषयाचा मेल तो मन घट्ट करून सवडीने उघडतो.

> विषय: फराळ रील – आडवी फाइल आली, उभी (९:१६) ३ ऑक्टोबरपर्यंत हवी
>
> नमस्कार,
>
> फराळाच्या रीलची फाइल काल, १ ऑक्टोबरला रात्री १०.४० ला मिळाली. त्यात दोन अडचणी आहेत.
>
> १२ सप्टेंबरच्या मेलमध्ये आपले ९:१६ (१०८० × १९२०) असे ठरले होते. आलेली फाइल १९२० × १०८० आहे. दोन्हींचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. ही फाइल रीलला वापरता येणार नाही.
>
> तसेच फाइल २८ सप्टेंबरला संध्याकाळी ६ पर्यंत मिळणार होती. २४ तारखेला मी चकलीचा दर बदलून पाठवला, तेव्हा आपण २८ तारीखच कायम ठेवली होती. त्यानंतर उशीर होणार असल्याचे आपल्याकडून कळले नाही. ३० तारखेपासून रील लावायचे ठरले होते, ते दिवस गेले.
>
> कृपया ३ ऑक्टोबरला संध्याकाळी ६ पर्यंत मूळ प्रोजेक्टमधून ९:१६ मध्ये पुन्हा एक्स्पोर्ट करून द्यावे. तयार फाइल कापून, ताणून किंवा पट्टे लावून नको. प्रत्येक शॉट उभ्या चौकटीत बसवावा आणि दर व फोन नंबर तळापासून वर घ्यावेत. फाइल ड्राइव्हच्या लिंकवर पाठवावी.
>
> हे ठरलेल्या मापाचेच काम असल्याने वेगळे मानधन धरू नये. उरलेले ६,००० रुपये योग्य फाइल तपासल्यावर त्याच दिवशी देते. उशिराबद्दल काही सूट देता येईल का, ते आपण काम झाल्यावर बोलू.
>
> ही वेळ जमेल का, हे आज दुपारी २ पर्यंत कळवावे, म्हणजे जमणार नसेल तर मला दुसरी सोय करता येईल.
>
> कळावे.

एडिटिंग चांगले असेल, तर ते मेलमध्ये एका वाक्यात लिहायला हरकत नाही, पण खोटे कौतुक करू नका. ‘दुसरी सोय’ हे शब्दही खरेच दुसरा एडिटर हाताशी असेल तरच ठेवा. सूट शेवटी आणि सौम्य शब्दांत ठेवण्यामागे कारण आहे. उशिराबद्दल किती रक्कम कापायची हे आधी लेखी ठरलेले नसेल, तर आत्ता त्यावर ताणाताणी सुरू होईल आणि फाइल तिथेच अडकेल. आधी ठरलेले असेल, तर मात्र ते कलम उद्धृत करून आकडा सरळ लिहा.

पाठवल्यानंतर

मेल गेला की व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका, ‘मेल पाठवला आहे, दुपारी २ पर्यंत उत्तर हवे.’ बरेच एडिटर दिवसभर टाइमलाइनवर असतात, मेल रात्री बघतात. फोनवर बोलणे झाले तर जे ठरले ते त्याच मेलला उत्तर म्हणून लिहून ठेवा.

‘प्रोजेक्ट डिलीट झाला’ असे उत्तर आले तर निदान रॉ फुटेज, संगीत आणि अक्षरांच्या फाइली आहेत का विचारा. फुटेज असेल तर आडवी फाइल समोर ठेवून उभा व्हिडिओ पुन्हा बांधता येतो, मात्र त्याला जास्त वेळ लागेल. फुटेजही नसेल तर तयार फाइलमधून जे निघेल तेवढेच हाती येईल, आणि मग पूर्ण मानधन देण्याचे कारण उरत नाही.

नवी फाइल आली की पैसे पाठवण्याआधी पुन्हा आकडे बघा, पण त्यावर थांबू नका. पट्टे लावलेली किंवा ताणलेली फाइलही १०८० × १९२० च दाखवते. फराळाच्या व्हिडिओत ताणलेपण ओळखणे सोपे आहे: बेसनाचा लाडू गोल दिसतो की अंड्यासारखा उभट, ते बघा. मग अक्षरांपाशी थांबा. फोन नंबरचे दहाही आकडे पूर्ण दिसले पाहिजेत. कापून मोठे केलेले चित्र ओळखायचे असेल तर जुनी आणि नवी फाइल एकाच शॉटवर थांबवून शेजारी ठेवा आणि चकलीच्या काट्यांकडे बघा. नवीत काटे पुसट झाले असतील, तर त्या शॉटचा सेकंद टिपून घ्या आणि त्याच मेलला उत्तर म्हणून ‘०:१२ ते ०:१५, मूळ फुटेजमधून पुन्हा घ्यावे’ एवढेच लिहून पाठवा.