पहार, फळी आणि कार्यक्षमता: साध्या यंत्रांच्या गणितात या चुका टाळा

साध्या यंत्रांची सूत्रं मोजकी आहेत, आणि बहुतेक मुलांना ती पाठही असतात. तरीही उत्तर चुकतं, कारण सूत्रात चुकीची लांबी किंवा चुकीचं बल घातलं जातं. चुकीच्या उत्तरावरून गडबड कुठे झाली हे बऱ्याचदा ओळखता येतं. ते कसं ओळखायचं, हे पहार आणि फळी या दोन ओळखीच्या वस्तूंवरून पाहू.

पहारीची भुजा कुठून मोजायची?

दीड मीटर, म्हणजे १५० सेंमी लांबीची पहार घ्या. तिचं टोक एका धोंड्याखाली सरकवलं आहे. टोकापासून २५ सेंमीवर पहारीखाली एक दगड ठेवला आहे, तोच टेकू. दुसऱ्या टोकाला धरून आपण खाली दाबतो. धोंड्याचा टोकावर येणारा भार १००० न्यूटन आहे. तर किती बल लागेल?

इथे बरीच मुलं १५० ला २५ ने भागून यांत्रिक लाभ ६ काढतात. ते चूक आहे. भुजा म्हणजे टेकूपासूनचं अंतर, आणि टेकू पहारीच्या टोकाला नाही. टेकूपासून हातापर्यंतचं अंतर १२५ सेंमी आहे आणि भारापर्यंतचं २५ सेंमी. म्हणून यांत्रिक लाभ १२५ ÷ २५ = ५, आणि लागणारं बल २०० न्यूटन.

आता तीच पहार थोडी वेगळी वापरू. टोक धोंड्याच्या पलीकडे जमिनीवर टेकलं आहे, धोंडा टोकापासून २५ सेंमीवर पहारीवर बसला आहे, आणि आपण दुसरं टोक वर उचलतो आहोत. आता टेकू जमिनीवर टेकलेल्या टोकाशी आला. हातापर्यंतचं अंतर खरोखरच पूर्ण १५० सेंमी झालं, भाराचं २५ सेंमी राहिलं. यांत्रिक लाभ ६ आणि बल सुमारे १६७ न्यूटन. पहार तीच, २५ सेंमीही तेच, पण उत्तरं दोन. पहिल्या वेळी टेकू मध्ये होता, म्हणून ती पहिल्या प्रकारची तरफ. दुसऱ्या वेळी भार मध्ये आला, म्हणून ती दुसऱ्या प्रकारची. तरफेचा प्रकार वस्तूच्या नावावर नाही, वापरावर ठरतो. ‘पहार म्हणजे पहिला प्रकार’ असं पाठ केलं की हीच चूक होते.

वर उचलण्यात लाभ जास्त असूनही माणसं सहसा खाली का दाबतात? खाली दाबताना शरीराचं वजन कामी येतं. वर उचलताना सगळा ताण पाठीवर आणि हातांवर येतो. यांत्रिक लाभाच्या आकड्यात ही गोष्ट दिसत नाही.

आकृती काढताना एक सवय लावून घ्या. आधी टेकूवर ठळक त्रिकोण काढा आणि दोन्ही अंतरं त्या त्रिकोणापासूनच लिहा. गणितात ‘पहारीची लांबी’ दिली असेल, तर ती भुजा आहे असं समजण्याआधी टेकू कुठे आहे ते पाहा.

लांबी तीच, पण आघूर्ण निम्मं

दुसरी चूक पाना फिरवताना होते. पान्याची लांबी २० सेंमी, म्हणजे ०.२ मीटर आहे, आणि त्याच्या टोकाशी ५० न्यूटन बल लावलं आहे. बल पान्याला काटकोनात असेल तर आघूर्ण, म्हणजे टॉर्क, ५० × ०.२ = १० न्यूटन-मीटर. पण जागा अडचणीची असल्यामुळे बल पान्याशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर तेवढ्याच बलाचं आघूर्ण ५ न्यूटन-मीटर होतं.

कारण आघूर्णात धरायचं अंतर पान्याच्या लांबीएवढंच असेल असं नाही. बलाची रेषा दोन्हीकडे लांबवा आणि नटाच्या मध्यापासून तिच्यावर लंब टाका. त्या लंबाची लांबी म्हणजे खरी भुजा. ३० अंशांच्या कोनात ती बरोबर निम्मी, १० सेंमी भरते. त्रिकोणमिती अजून शिकला नसाल तरी अडत नाही. वहीत प्रमाणात आकृती काढा आणि गुण्याने लंब टाकून पट्टीने मोजा. बल पान्याच्या लांबीच्याच दिशेने ओढलं तर त्याची रेषा नटाच्या मध्यातून जाते, लंब शून्य होतो, आणि कितीही जोर लावला तरी नट फिरत नाही.

आघूर्णाचं एकक न्यूटन-मीटर लिहा, ज्यूल नको. कार्यात अंतर बलाच्या दिशेने मोजतात, आघूर्णात बलाला लंब. गुणाकार सारखा दिसला तरी राशी वेगळ्या आहेत.

मीटरपट्टीचा प्रयोग जुळत नाही तेव्हा

वर्गातल्या मीटरपट्टीच्या प्रयोगात हमखास एक अडचण येते. समजा पट्टी ४० सेंमीच्या खुणेवर टेकवली. २० सेंमीच्या खुणेवर १०० ग्रॅमचं वजन टांगलं. आता उजवीकडे ५० ग्रॅमचं वजन कुठे लावलं तर तोल साधेल? हिशोब असा होतो: डावीकडे १०० × २० = २०००, म्हणून उजवीकडचं अंतर २००० ÷ ५० = ४० सेंमी, म्हणजे ८० सेंमीची खूण. प्रत्यक्षात तिथे वजन लावलं की पट्टी उजवीकडे धाडकन खाली जाते. वजन आत सरकवत आणलं की तोल ६० च्या खुणेवर साधतो, आणि मुलांना वाटतं की नियमच खोटा आहे.

हिशोबातून पट्टीचं स्वतःचं वजन सुटलं आहे. ही पट्टी १०० ग्रॅमची असेल, तर तिचं सगळं वजन मध्याशी, म्हणजे ५० च्या खुणेवर आहे असं धरता येतं. टेकूपासून ते १० सेंमीवर उजवीकडे आहे. म्हणजे १०० × १० = १००० एवढा वाटा पट्टी स्वतःच उचलते. उरलेल्या १००० साठी ५० ग्रॅमचं वजन २० सेंमीवर लागतं, आणि ती ६० चीच खूण. प्रयोग बरोबर होता, हिशोब अर्धा होता.

टेकू बरोबर मध्यावर ठेवला तर पट्टीच्या वजनाची भुजा शून्य होते, म्हणून तिथे ही चूक लपून राहते. मात्र मध्य ५० वरच असेल असं गृहीत धरू नका. पट्टीचं एक टोक झिजलेलं असलं की तो थोडा सरकतो. आधी रिकामी पट्टी टेकूवर सरकवून कुठे आडवी राहते ते पाहा आणि ती खूण टिपून ठेवा.

या तुलनेत दोन्ही बाजूंना ग्रॅम लिहिले तरी चालतं, कारण गुरुत्व त्वरण दोन्हीकडे सारखंच गुणलं जातं. आघूर्ण न्यूटन-मीटरमध्ये विचारलं असेल तर मात्र चालत नाही.

कार्यक्षमता ६, १६७ की २४०?

आता फळी. ६० किलोग्रॅमची पेटी टेम्पोत चढवायची आहे. टेम्पोचा हौदा ०.७५ मीटर उंच आहे आणि गुळगुळीत फळीची लांबी ३ मीटर आहे. पेटी फळीवरून एकसारख्या वेगाने वर ओढायला २५० न्यूटन बल लागतं. गुरुत्व त्वरण १० धरू, म्हणजे भार ६०० न्यूटन.

आपण केलेलं कार्य २५० × ३ = ७५० ज्यूल. पेटीवर झालेलं उपयोगी कार्य ६०० × ०.७५ = ४५० ज्यूल. कार्यक्षमता ४५० ÷ ७५०, म्हणजे ६० टक्के. पडताळाही लगेच घेता येतो. प्रत्यक्ष यांत्रिक लाभ ६०० ÷ २५० = २.४ आणि आदर्श लाभ ३ ÷ ०.७५ = ४. २.४ ला ४ ने भागलं की पुन्हा ०.६ येतात. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं नाही, तर पुढे जाऊ नका.

६ टक्के उत्तर आलं असेल, तर भार किलोग्रॅममध्येच राहिला आहे. खऱ्या उत्तराच्या दहाव्या भागाएवढं उत्तर ही त्याची खूण. २४० टक्के आलं असेल, तर भाराचं अंतरही ३ मीटर धरलं गेलं आहे. पेटी फळीवरून ३ मीटर सरकली हे खरं, पण गुरुत्वाविरुद्ध ती ०.७५ मीटरच वर गेली. अशा वेळी उत्तर म्हणजे यांत्रिक लाभाचीच शंभर पट असते. १६७ टक्के आलं असेल, तर भागाकार उलटा झाला आहे. कार्यक्षमता १०० च्या वर कधीच जात नाही.

यांत्रिक लाभ १ पेक्षा कमी आला तर मात्र घाबरून खाडाखोड करू नका. विहिरीवरच्या एकाच स्थिर कप्पीवरून १५० न्यूटनची बादली ओढायला १६५ न्यूटन लागले, तर लाभ ०.९१ येतो, आणि तो बरोबरच आहे. ती कप्पी बल वाचवत नाही, ओढायची दिशा सोयीची करून देते. चिमट्यात तर लाभ नेहमीच १ पेक्षा कमी असतो.

लाभ वाढला म्हणजे कार्यक्षमता वाढली?

हा गैरसमज सगळ्यात चिवट आहे. त्याच फळीऐवजी तसाच पृष्ठभाग असलेली ६ मीटरची फळी लावा. घर्षण नसतं तर ३ मीटरच्या फळीवर १५० न्यूटन पुरले असते. लागले २५०, म्हणजे घर्षण १०० न्यूटनचं. ६ मीटरच्या फळीवर घर्षणाशिवाय ७५ न्यूटन पुरतील, आणि घर्षण जवळजवळ तेवढंच राहतं. एकूण बल सुमारे १७५ न्यूटन.

लाभ २.४ वरून सुमारे ३.४ झाला, ओढणाऱ्याला हलकंही वाटेल. पण केलेलं कार्य १७५ × ६ = १०५० ज्यूल, आणि उपयोगी कार्य ४५० च. कार्यक्षमता सुमारे ४३ टक्क्यांवर उतरली. तेच १०० न्यूटनचं घर्षण आता दुप्पट अंतरभर सोसावं लागलं. लांब फळी बल वाचवते, ऊर्जा वाचवत नाही.

आकडेमोड बरोबर, तरी १२५ टक्के

प्रयोगशाळेत कधी कधी हिशोब चोख असतो, तरी कार्यक्षमता १०० च्या वर जाते. अशा वेळी ताणकाट्यावरचं वाचन कधी घेतलं ते विचारा. वस्तू उतरणीवर स्थिर असताना वाचन घेतलं असेल, तर घर्षण तिला खाली घसरू न देता आपल्याला मदत करत असतं आणि काटा कमी बल दाखवतो. आपल्या ३ मीटरच्या फळीवर पेटी नुसती धरून ठेवली आणि काट्यावर १२० न्यूटन दिसले, तर ४५० ÷ ३६० करून १२५ टक्के येणारच. हळूहळू खाली सोडताना तर सुमारे ५० न्यूटनच दिसतील. उलट, हलवण्यासाठी पहिला झटका देतानाचं वाचन खऱ्यापेक्षा जास्त येतं, कारण स्थिर वस्तू हलवताना घर्षण जास्त असतं, शिवाय तिला वेगही द्यावा लागतो.

म्हणून ताणकाटा उतरणीला समांतर धरा, वस्तू वरच्या दिशेने संथ, एकसारख्या वेगाने ओढा आणि ती चालू असतानाच आकडा वाचा. तीन वेळा ओढून सरासरी घ्या. आणि ओढायला सुरुवात करण्याआधी, काटा ज्या तिरक्या स्थितीत धरणार आहात त्याच स्थितीत तो शून्यावर आहे ना, ते तपासा.