बारीक पिनच्या जुन्या कीपॅड फोनचे चार्जिंग : मूळ चार्जर हरवल्यास सुरक्षित पर्याय कसा निवडावा

माझ्या मावशीकडे अजूनही नोकिया १२८० हा कीपॅड फोन आहे. गेल्या आषाढी वारीत एका मुक्कामावर त्याचा चार्जर राहून गेला आणि घरी परतल्यावर तिने आठवडी बाजारातून ‘बारीक पिनचा’ चार्जर आणला. तो लावल्यावर फोनवर चार्जिंगच्या रेघा हलू लागल्या, पण अर्ध्या तासात चार्जर हाताला चटका बसेल इतका तापला, म्हणून तिने तो काढून मला फोन केला. पुढे जे लिहिले आहे ते तिच्या फोनसाठी केलेल्या खटपटीवर आधारलेले आहे. मात्र बारीक पिनच्या बहुतेक कीपॅड फोनना ते लागू पडेल.

पिन नेमकी कोणती, हे आधी ठरवावे

नोकियाच्या जुन्या फोनमध्ये दोन प्रकारच्या गोल पिना होत्या. ३३१० किंवा ११०० यांसारख्या फोनची पिन जाड, म्हणजे ३.५ मिलिमीटर व्यासाची असे. त्यानंतरच्या ६३००, एन७३, १२८० आणि २०१३ साली आलेल्या पहिल्या १०५ या फोनमध्ये २ मिलिमीटरची बारीक पिन आली. इतर काही कंपन्यांच्या स्वस्त हँडसेटमध्येही हीच पिन वापरली गेली, म्हणून दुकानात तिला अजूनही ‘नोकियाची बारीक पिन’ असेच म्हणतात.

आपण ‘पिन’ म्हणतो तो चार्जरचा भाग प्रत्यक्षात एक पोकळ नळी असतो. खरी पिन फोनच्या खाचेत, मध्यभागी, सुईसारखी उभी असते आणि ती त्या नळीच्या छिद्रात शिरते. चार्जर तिरका घुसवला, तर हीच सुई वाकते आणि मग दुरुस्तीवाल्याकडे खाच बदलून घेण्यावाचून उपाय उरत नाही. काही जुन्या टॅबलेटच्या चार्जरची पिन २.५ मिलिमीटरची असते आणि नुसत्या नजरेला ती सारखीच वाटते. ती फोनमध्ये अडते. अडली की तेथेच थांबावे, जोर लावू नये.

तुमच्याकडे जाड पिनचा मूळ चार्जर शिल्लक असेल, तर जाड पिनेला बारीक करणारा छोटा जोड मिळतो. नोकियाने तो सीए-४४ या नावाने विकला होता आणि तो चांगल्या स्थितीत असल्यास वापरण्यास हरकत नाही.

व्होल्ट जुळले पाहिजेत, अँपिअर जास्त असले तरी चालतात

पर्यायी चार्जर निवडताना बहुतेकांचा गोंधळ याच मुद्द्यावर होतो, म्हणून तो सावकाश पाहू. चार्जरच्या पोटावर ‘इनपुट’ आणि ‘आउटपुट’ अशा दोन ओळी असतात. इनपुटची ओळ भिंतीतील विजेची, तर आउटपुटची ओळ फोनकडे जाणाऱ्या विजेची असते आणि आपल्याला फक्त दुसरी तपासायची असते. बारीक पिनच्या फोनसाठी तेथे ५ व्होल्ट डीसी असे असावे. डीसी हे एका सरळ रेघेखाली तुटक रेघ अशा खुणेनेही दाखवतात.

त्याच ओळीत पुढे मिलिअँपिअरचा आकडा असतो. नोकियाच्या मूळ चार्जरवर तो ३५० असे, काहींवर ८०० किंवा ८९० असे. आजच्या स्मार्टफोनच्या साध्या ॲडॉप्टरवर १,००० किंवा २,००० असतो आणि तो पाहून अनेकांना वाटते की एवढ्या विजेने जुना फोन जळेल. तसे होत नाही. हा आकडा चार्जर जास्तीत जास्त किती देऊ शकतो एवढेच सांगतो. किती घ्यायचे ते फोनमधील चार्जिंगचे सर्किट ठरवते. घराच्या मीटरची क्षमता कितीही असली तरी झिरोचा बल्ब आपल्यापुरतीच वीज घेतो, तसेच हे आहे. याउलट व्होल्ट जास्त झाले, तर ते थेट फोनच्या सर्किटवर येतात आणि त्यापासून वाचण्यास फोनला फारसा वाव नसतो.

तिसरी गोष्ट धन आणि ऋण बाजूंची. बारीक पिनमध्ये आतले छिद्र धन आणि बाहेरचा पत्रा ऋण असतो. चार्जरवर दोन वर्तुळांचे छोटे चित्र असल्यास मधल्या ठिपक्याकडून अधिकच्या चिन्हाकडे रेघ गेलेली दिसली पाहिजे. जुनी पिन कापून तिच्या तारा दुसऱ्या चार्जरला पिळून जोडण्याची पद्धत सर्रास दिसते, आणि तिचा मी कळकळीने विरोध करतो; तारांच्या रंगांवर विसंबून केलेल्या जोडणीत बाजू उलटण्याचा धोका असतो, शिवाय चिकटपट्टीखालचा जोड पुढे सैल होऊन तापतो.

माझ्या मते सर्वांत सुरक्षित पर्याय

बारीक पिनचा नवा भिंतीचा चार्जर शोधत बसण्यापेक्षा एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला बारीक पिन असलेली केबल घ्यावी आणि ती घरात असलेल्या चांगल्या ॲडॉप्टरला लावावी. नोकियाची अशी मूळ केबल सीए-१०० या नावाची होती; आता तशाच केबल मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. या मार्गाचा फायदा असा, की भिंतीतील २३० व्होल्ट पेलण्याचे धोक्याचे काम ॲडॉप्टर करतो. केबलमध्ये दोन तारांशिवाय काही नसते, त्यामुळे तिची प्रत थोडी कमी असली तरी जिवाला धोका होत नाही.

निनावी स्वस्त चार्जरमध्ये खरी भीती असते ती याच ठिकाणी. चांगल्या चार्जरमध्ये भिंतीकडची बाजू आणि फोनकडची बाजू यांच्यात विजेच्या दृष्टीने पूर्ण अंतर राखलेले असते. पैसे वाचवण्यासाठी ते अंतर आणि त्यातील इन्सुलेशन कमी केले, तर बिघाडाच्या वेळी भिंतीतील वीज पिनेपर्यंत पोहोचू शकते. हातात घेताच रिकाम्या खोक्यासारखा हलका लागणारा, आउटपुटचे लेबल नसलेला किंवा फोन चार्जिंगला असताना हाताला झिणझिण्या आणणारा चार्जर परत कधीही प्लगमध्ये घालू नये.

ॲडॉप्टरवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि R- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ब्युरोच्या BIS Care या ॲपमध्ये तो क्रमांक टाकल्यास नोंदणी कोणत्या उत्पादकाच्या नावावर आहे ते दिसते. ते नाव आणि ॲडॉप्टरवरील नाव यांचा मेळ बसतो का, हे पाहण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत.

‘फास्ट चार्जर चालेल का?’ असा प्रश्न मावशीच्या नातवाने विचारला होता. ज्या ॲडॉप्टरला यूएसबीचे रुंद, चपटे तोंड आहे, तो फोनने मागणी केल्याशिवाय ५ व्होल्टच्या वर जात नाही आणि आपल्या दोन तारांच्या केबलमधून अशी मागणी जाऊच शकत नाही, म्हणून तो चालतो. ज्याला केवळ लहान, लंबगोल टाइप-सी तोंड आहे, त्याच्याशी केबल जुळवत बसू नये. संगणकाचे यूएसबी तोंडही चालते. पॉवर बँक चालते, पण शेवटी फोन फारच कमी वीज घेऊ लागला की काही पॉवर बँका आपोआप बंद होतात आणि फोन पूर्ण भरण्याआधी थांबतो.

पहिल्यांदा लावताना

बॅटरी बाहेर काढून टेबलावर सपाट ठेवावी आणि बोटाने हलकेच फिरवावी. चांगली बॅटरी घासत थांबते. भोवऱ्यासारखी गरगर फिरली तर ती मधोमध फुगलेली आहे. अशी बॅटरी चार्ज करू नये, टोचू नये, घरच्या कचऱ्यातही टाकू नये, ती ई-कचरा संकलनात द्यावी. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी या बॅटरीच्या ४ कोटी ६० लाख नगांबाबत, चार्जिंगच्या वेळी त्या तापू शकतात म्हणून, बदलून देण्याची सूचना काढली होती. त्या एकाच उत्पादकाच्या आणि ठरावीक काळातल्या होत्या, पण तेव्हाची एखादी बॅटरी अजून घरात असेल, तर वयाचा विचार करूनही ती बदलावी.

फोनची खाच बॅटरी काढलेली असतानाच कोरड्या लाकडी दातकोरणीने साफ करावी, मधली सुई सांभाळून. टाचणी वापरू नये. नंतर बॅटरी बसवून आधी पिन सरळ घालावी आणि मगच प्लगचे बटण सुरू करावे.

मल्टिमीटर असेल, तर फोन जोडण्यापूर्वी केबल तपासून घ्यावी. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून लाल टोकाला धरलेली बारीक तार छिद्रात घालावी आणि काळे टोक बाहेरच्या पत्र्याला लावावे. तार पत्र्याला टेकू देऊ नये. आकडा ५ च्या आसपास, ४.७५ ते ५.२५ दरम्यान, आणि वजा चिन्हाशिवाय यायला हवा. मावशीच्या बाजारातल्या चार्जरचा आकडा ६ आणि ७ यांच्यामध्ये हलत होता. जुन्या, ट्रान्सफॉर्मर असलेल्या वजनदार मूळ चार्जरचा आकडाही फोन न जोडता मोजल्यास लेबलापेक्षा जास्त येतो, म्हणून केवळ आकड्यावरून मूळ चार्जरला दोष देऊ नये. हा मात्र हलका, लेबल नसलेला आणि तापणारा होता, तेव्हा तो बाद केला. नव्या केबलचा आकडा घरच्या ॲडॉप्टरवर ५.१ आला.

महिनोन्‌महिने बंद पडलेला फोन लावल्यावर पडदा काळाच राहिला, तर लगेच निराश होऊ नये. बॅटरी फार उतरलेली असली की फोन आधी तिला अगदी सावकाश भरतो आणि पाव-अर्ध्या तासाने चित्र उमटते. तासाभरानंतरही काही दिसले नाही, तर बॅटरी गेली असे समजावे. पडद्यावर `Not charging` आले, तर आधी पिन पुन्हा नीट घालावी, मग दुसरा ॲडॉप्टर आणि शेवटी दुसरी बॅटरी लावून पाहावी, याच क्रमाने. बॅटरी बाहेर काढून दोन तारांच्या चिमट्यात धरणारा युनिव्हर्सल चार्जर अशा वेळी सुचवला जातो. बॅटरीला तीन पट्ट्या असतात आणि मधल्या पट्टीवरून फोन तिची ओळख पटवतो. चिमटा ती पट्टी वापरतच नाही आणि भरणे कधी थांबवायचे हे त्याच्या स्वस्त सर्किटवर सोपवलेले असते. त्यावर बॅटरी ठेवून झोपणे धोक्याचे आहे.

१२८० मधील बीएल-५सीबी बॅटरी ८०० मिलिअँपिअर-तासांची आहे. ३५० मिलिअँपिअरने हिशेब केला तर सव्वादोन तास होतात, पण शेवटच्या टप्प्यात फोन वीज कमी कमी घेत जातो, त्यामुळे तीन तास धरावेत. मावशीचा फोन दुपारी एक वाजता लावला आणि चार वाजायला दहा मिनिटे असताना `Battery full` असे आले. तोवर ॲडॉप्टर कोमट झाला होता, फोनची पाठ जेमतेम उबदार होती.