दोन सेट पुरत नाहीत, चार काढा

परीक्षेला एका बाकावर दोन पोरं बसणार असतील तर बरेच जण प्रश्नपत्रिकेचे ए आणि बी असे दोनच सेट काढतात, पण मग शेजारी पेपर वेगळा येतो आणि पुढच्या-मागच्याला किंवा तिरकं बसलेल्याला तोच येतो, आणि कॉपी होते ती जास्त करून तिथूनच. म्हणून चार काढा. पहिल्या रांगेत ए बी ए बी, दुसऱ्या रांगेत सी डी सी डी, तिसरीत परत ए बी, असं वाटत गेलं की आजूबाजूच्या आठही जणांपैकी कुणाकडेच आपला सेट नसतो.

आता प्रश्न. दहावीच्या गणितात एका सेटला x²+7x+12=0 दिलं तर दुसऱ्याला x²+8x+15=0, तिसऱ्याला x²+9x+20=0, चौथ्याला x²+9x+18=0. चारही अवयव पाडून सुटतात, चिन्हं सारखीच, म्हणजे मेहनतही सारखीच. घाईत 12 चं 11 केलं तर अवयव पडतच नाहीत आणि त्या सेटवाल्यांवर उगाच अन्याय होतो, मला याची फार भीती वाटते, म्हणून झेरॉक्सला देण्याआधी चारही पेपर स्वतः हाताने सोडवाच.

बहुपर्यायीत पर्यायांचा क्रम बदला, पण ‘वरीलपैकी सर्व’ शेवटीच ठेवा. प्रश्न उलटसुलट करायचे तर सोपे सोप्यांतच फिरवा, एखाद्याला सुरुवातीलाच सगळ्यात अवघड आला की तो बिचारा तिथेच अडकतो. आणि सेटचं अक्षर उत्तरपत्रिकेवर लिहिलंय का ते सही करतानाच बघा, नंतर तपासताना कळायला मार्ग नसतो.