फ्रीलान्सरने ॲडव्हान्स टॅक्सचे पैसे बाजूला कसे काढावेत

‘आलेल्या प्रत्येक रकमेतले तीस टक्के टॅक्ससाठी बाजूला ठेवा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो बहुतेकांसाठी चुकीचा आहे. मध्यम कमाईच्या माणसाचे पैसे त्याने वर्षभर उगाच अडकून पडतात, आणि हात आखडला की मग त्याच खात्याला हात घातला जातो.

आधी एक वेगळं बचत खातं उघडा, ज्याला यूपीआय जोडलेलं नाही. रोजच्या खर्चाच्या खात्यात टॅक्सचे पैसे राहू देऊ नका.

आता मुख्य काम. टक्का हा वर्षाच्या अंदाजातून काढायचा असतो. समजा एका डिझायनरला २०२५-२६ मध्ये १८ लाख मिळतील असा अंदाज आहे. त्यातले ४ लाख भारतीय ग्राहकांकडून, १० टक्के टीडीएस कापून येतील, आणि १४ लाख परदेशातून, म्हणजे काहीही न कापता. व्यवसायाचा खरा खर्च ३ लाख. करपात्र उत्पन्न उरलं १५ लाख. नव्या करप्रणालीत यावर उपकरासह १,०९,२०० रुपये कर होतो. त्यातून टीडीएसचे ४०,००० वजा केले की ६९,२०० उरतात. हे पैसे परदेशी १४ लाखांतूनच बाजूला काढायचे आहेत, म्हणजे त्या प्रत्येक रकमेतले साधारण ५ टक्के. भारतीय ग्राहकाच्या रकमेतून काही काढायची गरज नाही. तिथे कापला गेलेला टक्का तुमच्या सरासरी करापेक्षा जास्तच आहे.

हा ५ टक्के मात्र अंदाजापर्यंतच चालतो, आणि नेमकं इथे बहुतेक जण फसतात. फेब्रुवारीत अनपेक्षित ३ लाखांचं परदेशी काम मिळालं, तर त्यातलेही पाचच टक्के काढून चालत नाही. ती रक्कम उत्पन्नाच्या सर्वांत वरच्या थरावर बसते: पहिल्या लाखावर उपकरासह १५.६ टक्के, पुढच्या दोन लाखांवर २०.८ टक्के. मिळून ५७,२०० रुपये. पाच टक्क्यांच्या हिशोबाने तुम्ही १५,००० काढले असते आणि मार्चमध्ये ४२,२०० कमी पडले असते. म्हणून एप्रिलपासूनच्या जमेची बेरीज एका वहीत किंवा शीटमध्ये चालू ठेवा. ती अंदाजाच्या पुढे गेली की त्यानंतरच्या प्रत्येक रकमेतून वरच्या थराचा दर काढा.

१२ लाखांच्या आसपास असाल तर आणखी सावध राहा. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. पण त्यापुढच्या जवळजवळ पहिल्या ७० हजारांतला रुपयान् रुपया करात जातो. अंदाज ११ लाख ८० हजारांचा असेल आणि वर्षअखेरीस एक लाख जास्तीचे आले, तर १२ लाखांपुढचे ते ८० हजार जवळजवळ सगळे बाजूला ठेवा.

ॲडव्हान्स टॅक्स म्हणजे वर्षाचा अंदाजी कर वर्ष चालू असतानाच चार हप्त्यांत भरणं. तारखा: १५ जूनपर्यंत त्या कराचे १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत १००. वरच्या उदाहरणात हे आकडे १०,३८०, ३१,१४०, ५१,९०० आणि ६९,२०० होतात. आधी भरलेलं वजा करून उरलेलं भरायचं. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० पेक्षा कमी असेल तर हप्ते लागत नाहीत. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांनी प्राप्तिकराच्या कलम ४४एडीएखाली अनुमानित उत्पन्न, म्हणजे खर्चाचा हिशोब न मांडता जमेचा ठरावीक हिस्सा, दाखवलं, तर सगळा कर १५ मार्चला एकदाच भरता येतो.

हप्ते पूर्ण वर्षाच्या करावर मोजले जातात, त्या तारखेपर्यंत मिळालेल्या पैशावर नाही. त्यामुळे फेब्रुवारीतल्या ३ लाखांमुळे जून, सप्टेंबर आणि डिसेंबरचे हप्तेही मागाहून अपुरे ठरतात. चालू व्यवसायाला ‘पैसे उशिरा आले’ म्हणून सूट मिळत नाही. पण घाबरू नका. व्याज महिन्याला १ टक्का आहे आणि त्या प्रत्येक हप्त्यातल्या तुटीवर तीन महिन्यांचं लागतं. इथे ते सुमारे २,३०० रुपये होतं. तेवढं टाळण्यासाठी जूनमध्येच न मिळालेल्या पैशांचा कर भरण्यात शहाणपण नाही. प्रत्येक तारखेला अंदाज नव्याने करा आणि मार्चचा हप्ता मात्र पूर्ण भरा.

टॅक्ससारखेच तिमाही बिलांचे पैसेही वेगळ्या खात्यात बाजूला काढा. त्यांचं गणित सोपं आहे. सोसायटी देखभाल, विम्याचा हप्ता, शाळेची फी यांची एका तिमाहीची बेरीज ३९,००० असेल, तर मोठी रक्कम आली की दोन तिमाहींचे ७८,००० भरेपर्यंत बिलांच्या खात्यात टाका आणि तिथे थांबा. ही रक्कम टॅक्सच्या खात्यात मिसळू नका, नाहीतर विम्याची तारीख आली की टॅक्सचे पैसे खर्च होतात.

भरताना प्राप्तिकर पोर्टलवर e-Pay Tax मध्ये Advance Tax (100) निवडा. २०२५-२६ च्या उत्पन्नासाठी आकारणी वर्ष २०२६-२७ निवडायचं असतं. इथे २०२५-२६ निवडलं तर पैसे मागच्या वर्षाच्या खाती जमा होतात आणि ते चलन दुरुस्त करून घ्यावं लागतं.